परिबद्ध क्रमिका आणि x(2n) + 2x(n) → 3 : लिमिट आहे हे आधी कुठून आणायचं?

प्राचीती

एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतेय. एका जुन्या प्रश्नसंचात हे गणित दिसलं आणि तिथेच गाडी अडकली. इथे सबस्क्रिप्ट धड उमटत नाही, म्हणून n वं पद x(n) असं लिहिते.

x(n) ही वास्तव संख्यांची परिबद्ध क्रमिका आहे, आणि x(2n) + 2x(n) → 3. तर x(n) → 1 हे सिद्ध करा.

लिमिट L असेल तर L + 2L = 3, म्हणजे L = 1. हे मला कळतं. पण "असेल तर" कसं काढून टाकायचं? क्रमिका वाढती आहे की घटती, काहीच दिलेलं नाही, त्यामुळे "वाढती आणि वरून परिबद्ध" वालं प्रमेय चालत नाही. संचाच्या मागे इशारा म्हणून तीनच शब्द आहेत: "बोल्झानो-वायरस्ट्रास लावा".

लावलं. परिबद्ध आहे, म्हणून एक अभिसारी उपक्रमिका मिळाली. पुढे? ती लिमिट त्या उपक्रमिकेची. उरलेल्या पदांनी काय करावं यावर तिचा काय हक्क?

झटपट

एवढं ताणायची गरज नाही. परिबद्ध आहे म्हणजे कुठे पळून जात नाही, आणि दिलेल्या अटीत दोन्ही बाजूंना लिमिट घेतली की 1 येतं. दुसरी कुठली किंमत येऊच शकत नाही. दोन मार्कांचं गणित आहे.

प्राचीती

@झटपट, 0, 1, 0, 1, 0, 1... हीसुद्धा कुठे पळून जात नाही. तिला लिमिट नाही.

झटपट

पण ती तुझी अट पाळत नाही ना. अट पाळणारी आणि लिमिट नसलेली दाखव, मग बोलू.

जुना फळा

झटपट यांची मागणी रास्त आहे, तिच्याकडे नंतर येतो. आधी प्राचीताईंचा प्रश्न.

तुमच्या हातात एक उपक्रमिका आहे. तिचे क्रमांक n₁ < n₂ < n₃ ... असे धरा, आणि त्या क्रमांकांवरची पदं c कडे जातात असं धरा. c किती हे ठाऊक नाही, असू दे. आता दिलेली अट सगळ्या n साठी आहे, म्हणजे याच क्रमांकांसाठीही आहे. मग त्यांच्या दुप्पट क्रमांकांवर, म्हणजे 2n₁, 2n₂, 2n₃ ... इथे क्रमिका काय करते? तेवढं लिहून दाखवा. c च्या जागी 1 + d लिहिलंत तर जास्त स्वच्छ दिसेल.

प्राचीती

x(2n) = (3 कडे जाणारं काहीतरी) − 2x(n). nₖ वर x(nₖ) → 1 + d, म्हणून x(2nₖ) → 3 − 2 − 2d = 1 − 2d.

म्हणजे 2nₖ हे क्रमांकही वाढत जाणारे, तीही उपक्रमिकाच, आणि तिची लिमिट 1 − 2d. ती अभिसारी आहे हे वेगळं सिद्ध करावं लागलं नाही, अटीनेच दिलं.

अरे थांबा. मग तेच 2nₖ वर पुन्हा केलं तर 4nₖ वर 1 + 4d. मग 1 − 8d, 1 + 16d... हे सगळे उपक्रमिकांच्या लिमिट. पण क्रमिका परिबद्ध आहे, समजा सगळी पदं −M आणि M च्या मध्ये. मग कुठल्याही उपक्रमिकेची लिमिट त्याबाहेर जाऊ शकत नाही. d शून्य नसेल तर हे दुप्पट-दुप्पट होत कधीतरी बाहेर जाणारच. म्हणून d = 0!

जुना फळा

छान. आता तुम्ही नेमकं काय सिद्ध केलंत ते एका वाक्यात सांगा. जे सिद्ध झालं तेवढंच.

प्राचीती

जी कुठली उपक्रमिका अभिसारी असेल, तिची लिमिट 1 च असते.

झटपट

म्हणजे मी म्हटलं तेच.

जुना फळा

तेच नाही. तुम्ही सबंध क्रमिकेला लिमिट आहे असं धरून 1 काढलंत. ताईंनी असं काहीच धरलेलं नाही. मात्र काम अजून संपलेलं नाही, आणि बहुतेकांच्या उत्तरपत्रिका इथेच थांबतात. "सगळ्या अभिसारी उपक्रमिका 1 कडे जातात" यातून "क्रमिका 1 कडे जाते" आपोआप येत नाही. उदाहरण घ्या: विषम क्रमांकांवर 1 आणि सम क्रमांकांवर n. 1, 2, 1, 4, 1, 6... हिची प्रत्येक अभिसारी उपक्रमिका 1 कडेच जाते, कारण दुसरीकडे कुठे जाऊन स्थिरावायला जागाच नाही. तरी क्रमिका अभिसारी नाही.

म्हणून प्रमेय पुन्हा एकदा लावायचं, या वेळी उलट्या बाजूने. समजा x(n) → 1 नाही. म्हणजे 1 च्या दोन्ही बाजूंना ε अंतरापर्यंतचा एक असा पट्टा आहे की त्याच्या बाहेर अनंत पदं पडतात. फक्त ती बाहेरची पदं उचला. तीही परिबद्धच, म्हणून त्यांच्यातही एक अभिसारी उपक्रमिका आहे. तिचं प्रत्येक पद 1 पासून निदान ε अंतरावर, म्हणून लिमिटही निदान ε अंतरावर. पण आत्ताच दाखवलंत की लिमिट 1 शिवाय दुसरी नसते. विसंगती. झालं.

पहिल्या वेळी आपण चांगल्या वागणाऱ्या पदांची उपक्रमिका काढली, दुसऱ्या वेळी मुद्दाम बिघडलेल्यांची. माझ्या मते प्रमेयाची खरी ताकद या दुसऱ्या वापरात आहे. जी पदं ऐकत नाहीत त्यांनाच एकत्र करायचं, आणि त्यांच्यातूनही लिमिट निघते हे त्यांच्याच विरुद्ध वापरायचं.

प्राचीती

तुमचं 1, 2, 1, 4 वालं उदाहरण या दुसऱ्या पायरीवर पडतं, कारण बाहेरची पदं 2, 4, 6... परिबद्ध नाहीत. कळलं. म्हणजे परिबद्धता दोनदा लागते, एकदा d ला अडवायला आणि एकदा बाहेरच्या पदांतून लिमिट काढायला.

पायथॉनपंत

झटपट यांना हवं असलेलं उदाहरण. n हा 2 चा घात असेल (1, 2, 4, 8...), म्हणजे n = 2ᵏ, तर x(n) = 1 + (−2)ᵏ घ्या. इतर सगळ्या n ला x(n) = 1.

x(1) = 2, x(2) = −1, x(4) = 5, x(8) = −7. पडताळा: −1 + 4 = 3, 5 − 2 = 3, −7 + 10 = 3. बाकीच्यांना 1 + 2 = 3. अट नुसती लिमिटमध्ये नाही, प्रत्येक n ला तंतोतंत पाळली जाते. आणि लिमिट नाही. परिबद्धता काढली की गणितच चूक.

गंमत म्हणून कुठल्याही विषम क्रमांकाला इवलासा धक्का देऊन बघा. x(3) = 1.001 ठेवलं तर x(6) = 0.998, x(12) = 1.004, आणि दहा वेळा दुप्पट करून 3072 व्या पदाला 2.024.

झटपट

ठीक. पण हे परिबद्ध नाही. माझं म्हणणं परिबद्धबद्दल होतं.

पायथॉनपंत

मग गुणक बदलून बघा. x(2n) + x(n) → 2. तुमच्या रीतीने L + L = 2, L = 1, दोन मार्क. आता 2 च्या k व्या घाताला 1 + (−1)ᵏ, म्हणजे आळीपाळीने 2 आणि 0, आणि बाकी सगळीकडे 1 ठेवा. परिबद्ध आहे, अट तंतोतंत पाळते, लिमिट नाही. इथे d चं −d होतं, मग परत d. ते वाढतच नाही, त्यामुळे M ला जाऊन धडकतही नाही.

स्थापत्यवाला

गणित सोडून बरीच वर्षं झाली, पण धागा वाचून आमचंच दुखणं आठवलं. पुलाच्या एका भागाचं नॉन-लिनिअर विश्लेषण करतोय. एका लोड स्टेपला न्यूटन-राफसनच्या फेऱ्या सुरू झाल्या की विस्थापन दोनच किमतींत वर-खाली होत राहतं, आणि शेवटी सॉफ्टवेअर "नॉट कन्व्हर्ज्ड" म्हणून सोडून देतं. आता तुमचं प्रमेय म्हणतं की परिबद्ध असेल तर लिमिट मिळते. मग मला फेऱ्यांची संख्या वाढवायला हवी ना? कधीतरी स्थिरावेल?

जुना फळा

नाही हो. प्रमेय म्हणतं की उपक्रमिका मिळेल, आणि ती तुम्हाला मिळालेलीच आहे. एकाआड एक फेरी घ्या, ती एका किमतीशी थांबलेली. उरलेल्या घ्या, त्या दुसरीशी. वचन इथे पूर्ण झालं. त्यातली कुठलीही किंमत तुमच्या समीकरणाचं उत्तर असेल असं प्रमेयाने कधीच म्हटलेलं नाही.

कागदावर पटकन होणारं उदाहरण देतो. f(x) = x³ − 2x + 2, सुरुवात 0 पासून. f(0) = 2, उतार −2, म्हणून पुढची किंमत 0 + 1 = 1. f(1) = 1, उतार 1, म्हणून पुढची 1 − 1 = 0. परत 0. दहा लाख फेऱ्या करा, 0 आणि 1 यांच्यातच फिराल. f ची तिथली मूल्यं 2 आणि 1, शून्याच्या जवळही नाहीत. खरं मूळ −1.769 च्या आसपास एकटं बसलंय.

विद्यार्थी हेच पेपरात वेगळ्या वेषात करतात. x(n+1) = T(x(n)) अशी क्रमिका असते, x(nₖ) → c मिळतं, आणि लगेच लिहितात c = T(c). T अखंड असेल तर मिळतं ते इतकंच की x(nₖ+1) → T(c). पण nₖ+1 हे क्रमांक nₖ मधले असायलाच हवेत असं कुठे आहे? ती दुसरीच उपक्रमिका असू शकते, तिची लिमिट दुसरीच असू शकते. वरच्या उदाहरणात c = 0, T(c) = 1. प्राचीताईंनी x(2nₖ) ची लिमिट c न धरता नव्याने काढली, म्हणून त्यांचं गणित सुटलं.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगायचं तर फेऱ्या वाढवू नका. स्टेप लहान करून बघा, किंवा प्रत्येक फेरीत असंतुलित बल कमी झालंच पाहिजे अशी अट घालून पाऊल आखूड करणारा पर्याय असतो, तो चालू करा. दर फेरीला घटणारी एखादी राशी हातात आली की मगच लिमिटबिंदूबद्दल काही ठामपणे बोलता येतं.

स्थापत्यवाला

लाइन सर्च म्हणताय, तो पर्याय आहे. चालू करून बघतो. अजून एक. समजा वर-खाली होणं थांबलं आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांतला फरक शून्याकडे जायला लागला. मग तर नक्की स्थिरावणार?

पायथॉनपंत

तेही नाही. sin(log n) घ्या, log म्हणजे नैसर्गिक. लागोपाठच्या दोन पदांतला फरक 1/n पेक्षा कमी, म्हणजे शून्याकडे जातो. पण log n सावकाश का होईना अनंताकडे जातो, त्यामुळे साइन वर-खाली होणं कधीच सोडत नाही. 111 व्या पदाजवळ −1, 2576 व्या जवळ +1, 59,610 व्या जवळ परत −1. 2576 शी लागोपाठच्या पदांतला फरक एक दशलक्षांशापेक्षाही कमी असतो. "फरक 0.000001 पेक्षा कमी झाला की थांब" असं लिहिलेला कोणताही प्रोग्राम तिथे आनंदाने "लिमिट 1" छापून मोकळा होईल. खरं तर −1 ते 1 मधली प्रत्येक संख्या हिच्या कुठल्या ना कुठल्या उपक्रमिकेची लिमिट आहे.

स्थापत्यवाला

हे ऐकून आज झोप लागायची नाही. आमचे अर्धे निकष फरकावरच आहेत.

जुना फळा

म्हणून फरकाबरोबर असंतुलित बलही तपासतात. नुसत्या फरकावर भिस्त ठेवू नये.

मोगरा

मला मूळचाच एक प्रश्न आहे. उपक्रमिका "मिळते" असं सगळे सहज म्हणताय, पण कुणी काढून दाखवत नाही. sin n घ्या, n = 1, 2, 3... परिबद्ध आहे. दाखवा तिची अभिसारी उपक्रमिका.

पायथॉनपंत

n = 3, 22, 333, 355, 103993... घ्या. 22/7, 355/113 हे π जवळचे अपूर्णांक, त्यांचे अंश. सततापूर्णांकातून पुढचे हवे तेवढे निघतात. sin 22 सुमारे −0.0089, sin 355 सुमारे −0.00003. ही उपक्रमिका शून्याकडे जाते.

मोगरा

ही तुम्हाला π माहीत होतं म्हणून सापडली. प्रमेयाने नाही दिली.

जुना फळा

बरोबर पकडलंत. प्रमेयाची सिद्धता म्हणते: सगळी पदं ज्या अंतरात आहेत ते अर्धं करा, ज्या अर्ध्यात अनंत पदं आहेत ते ठेवा, त्यातलं एक पद उचला, परत अर्धं करा. अंतराची लांबी दर वेळी निम्मी, म्हणून उचललेली पदं एकमेकांना चिकटत जातात. पण "कुठल्या अर्ध्यात अनंत पदं आहेत" हे पहिली कोटभर पदं तपासूनही ठरवता येत नाही. निदान एकात असणार एवढंच तर्काने कळतं. त्यामुळे ही कृती कागदावर चालते, संगणकाला जशीच्या तशी देता येत नाही. काही गणितींना अशा सिद्धता मान्यच नाहीत, आणि त्यांचा आक्षेप मला अगदीच उडवून लावण्यासारखा वाटत नाही.

मोगरा

मलाही तो आक्षेपच बरोबर वाटतो. जे काढता येत नाही ते "आहे" म्हणजे काय?

झटपट

पण प्राचीतीचं गणित तर सुटलं ना त्यानेच. काढावं कुठे लागलं?

जुना फळा

झटपट, हे मात्र लाखमोलाचं बोललात. c किती हे कुणालाच कळलं नव्हतं तरी काम झालं, कारण c विषयी अटीतून एक समीकरण मिळालं. मोगराताईंचा प्रश्न त्याने मिटत नाही, ते मान्य.

प्राचीती

मी एक बदल करून बघितला, त्यात काहीतरी विचित्र आलं. गुणक 2 ऐवजी अर्धा घेतला.

(अ) x(2n) + ½x(n) → 3/2. विषम n ला x(n) = 2 ठेवलं, आणि पुढे दर दुपटीला 1 पासूनचं अंतर उणे-अर्धं केलं: x(2n) = 1 − ½(x(n) − 1). परिबद्ध आहे, अट तंतोतंत पाळते, पण विषम पदं 2 वरच अडून बसतात. लिमिट नाही.

(आ) x(n+1) + ½x(n) → 3/2. इथे उदाहरण शोधायला गेले तर सापडतच नाही, उलट सगळं 1 कडे जाताना दिसतं. पण सिद्धता? पुढे गेलं तर d चं −d/2 होतं, ते लहान होत जातं, M ला धडकत नाही. आपली युक्तीच चालत नाही.

पायथॉनपंत

(आ) ला युक्ती कशाला? अंतर दर पावलाला निम्मं होतं, सरळ असमानता लिहून होईल.

जुना फळा

होईल, आणि परीक्षेत तेच करा. पण उपक्रमिकेनेही होतं, फक्त मागे जायचं. x(nₖ) → 1 + d. आता nₖ − 1 या क्रमांकांवर बघा. तिथली पदं अभिसारी आहेत की नाही, अट पटकन सांगत नाही असं समजू. परिबद्ध तर आहेत! म्हणून त्यांच्यातून पुन्हा एक उपक्रमिका काढा, तिची लिमिट 1 + e असू दे. त्याच क्रमांकांच्या पुढच्या पदांची लिमिट 1 + d च राहते, कारण अभिसारी उपक्रमिकेतून आणखी वेचली तरी लिमिट बदलत नाही. अट सांगते d = −e/2, म्हणजे e = −2d. मागे जाताना अंतर दुप्पट होतं. पुढचं तुम्हाला येतंच.

आणि (अ) मध्ये हे का फसतं ते तुमच्या उदाहरणातच आहे. 1 सोडून प्रत्येक क्रमांकाला मागचा क्रमांक असतो, पण विषम क्रमांकाला निम्मा नसतो. विषम पदांना मागे ओढायला जागाच नाही.

प्राचीती

ओह. मग (अ) मध्ये "फक्त सम क्रमांकांची पदं 1 कडे जातात" असं तरी म्हणता येईल का? नाही, माझ्याच उदाहरणात x(2), x(6), x(10)... सगळी ½ आहेत.

आता हे बघतेय: x(2n) + x(3n) + 4x(n) → 6. x(2nₖ) आणि x(3nₖ) दोन्ही एकदम अभिसारी मिळतील याची खात्री नाही, म्हणून आधी nₖ मधून अशी वेचणी करायची की 2nₖ वर अभिसारी होईल, मग त्यातूनच 3nₖ साठी परत वेचायची. मग दोन अंतरांची बेरीज −4d, म्हणून दोघांतलं एक तरी निदान 2|d|. त्याला धरून पुढे जायचं. बरोबर ना?

जुना फळा

बरोबर. 4 च्या जागी 2 ठेवून, उजवीकडे 4 घेऊन बघा काय होतं.

स्थापत्यवाला

मधेच घुसतो. लाइन सर्चने ती स्टेप पार झाली, पण चार स्टेप पुढे परत अडकलंय, आणि या वेळी तीन किमतींत फिरतंय. वेगळा धागा काढू का?